पिशवीबाहेरची फुले

आयरिस फुलांच्या एका प्रसिद्ध तक्त्यात १०७ क्रमांकाचे फूल जरा चमत्कारिक आहे. ते व्हर्जिनिका जातीचे. या जातीच्या पाकळ्या लांब असतात. तक्त्यात तिची पन्नास फुले आहेत आणि त्यांच्या पाकळीची सरासरी लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या थोडी वर जाते. १०७ची पाकळी मात्र साडेचार सेंटिमीटरवरच थांबली आहे. बाकीच्या एकोणपन्नास जणींत कोणाचीही पाकळी ४.८ सेंटिमीटरहून आखूड नाही. इतकी आखूड पाकळी शेजारच्या व्हर्सिकलर जातीत शोभते. नुसती मापे हातात देऊन जात विचारली, तर जाणकारही चुकेल असे हे फूल.

संगणक मात्र चुकत नाही. तक्त्यातल्या सगळ्या १५० फुलांवर त्याला शिकवले आणि मग तीच १५० फुले पुन्हा विचारली, की तो सगळी बरोबर ओळखतो, १०७ सुद्धा. शंभरातले शंभर गुण.

इथेच शंका यायला हवी. ज्या प्रश्नपत्रिकेवर अभ्यास केला, तीच परीक्षेला आली, तर त्या गुणांना काय अर्थ? नवे फूल समोर आल्यावर हा संगणक किती वेळा चुकेल, हे त्यातून कळत नाही. हे कळण्याची एक युक्ती अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्रायमन यांनी १९९६ साली मांडली. तिला जादा फुले लागत नाहीत की जादा शिकवणीही लागत नाही. तिचे नाव आउट-ऑफ-बॅग चूक. सरळ मराठीत, पिशवीबाहेरची चूक.

हा तक्ता जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने फुले मोजली आणि १९३६ साली रोनाल्ड फिशर यांनी ती मापे आपल्या लेखात छापली. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जाती, प्रत्येकीची पन्नास फुले. प्रत्येक फुलाची चार मापे आहेत: पाकळीची लांबी आणि रुंदी, तसेच पाकळीबाहेरच्या दलाची लांबी आणि रुंदी. तेव्हापासून फुले ओळखण्याची प्रत्येक नवी पद्धत आधी या तक्त्यावर घासून पाहिली जाते.

चूक मोजण्याचा रुळलेला मार्ग सोपा आहे. काही फुले आधीच बाजूला काढून ठेवायची, उरलेल्यांवर शिकवायचे आणि शेवटी बाजूच्या फुलांवर परीक्षा घ्यायची. लाखो नोंदी असतील तर हे परवडते. १५० फुलांत ते महागात पडते. तीस फुले बाजूला काढली तर शिकायला १२० उरतात. शिवाय परीक्षाही तीसच फुलांची. एक फूल इकडचे तिकडे झाले की चुकीचे प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त हलते. १०७ नेमके त्या तीसांत आले की नाही, यावरच निकाल बदलतो.

दुसरा मार्ग म्हणजे फुलांचे दहा गट पाडून आळीपाळीने एकेक गट परीक्षेला बसवणे. यात प्रत्येक फुलाची परीक्षा होते, पण शिकवणी दहा वेळा करावी लागते. शिकवायला पाचशे वृक्ष असतील तर ती संख्या पाच हजारांवर जाते.

हे वृक्ष कसले, ते आधी पाहायला हवे. निर्णयवृक्ष म्हणजे प्रश्नांची उतरंड. पाकळी अडीच सेंटिमीटरपेक्षा आखूड आहे का? असेल तर सेटोसा. नसेल तर पुढचा प्रश्न, रुंदी पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का? असे विचारत विचारत शेवटी प्रत्येक टोकाला एकाच जातीची फुले उरेपर्यंत वृक्ष वाढवायचा. वृक्ष समजायला सोपा असतो, पण स्वभावाने चंचल. चार-दोन फुले बदलली की मधले प्रश्न बदलतात आणि सीमेवरच्या फुलांचा निकाल उलटतो.

ब्रायमन हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते आणि निर्णयवृक्षांवरच्या १९८४च्या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. वृक्षांचा हा चंचलपणा त्यांना पुरता ठाऊक होता. त्यांनी त्याचाच उपयोग करून घेतला. एकाऐवजी शेकडो वृक्ष वाढवायचे, प्रत्येकाला थोडी वेगळी फुले द्यायची आणि शेवटी बहुमत घ्यायचे. एकेकट्याचा लहरीपणा बहुमतात मुरतो. पण वेगळी फुले आणायची कुठून? तक्ता तर एकच.

त्याचे उत्तर ब्रॅडली एफ्रन यांच्या १९७९च्या बूटस्ट्रॅप पद्धतीत होते. १५० फुलांच्या १५० चिठ्ठ्या करायच्या, एक उचलायची, क्रमांक लिहून घ्यायचा आणि चिठ्ठी परत आत टाकायची. असे १५० वेळा. भिशीत ज्याचे नाव निघाले त्याची चिठ्ठी पुन्हा आत जात नाही, म्हणून शेवटी प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे चिठ्ठी परत जाते. त्यामुळे काही फुले दोनदा-तीनदा निघतात आणि काहींचा नंबर लागतच नाही. अशा पाचशे सोडती, त्यांवर पाचशे वृक्ष आणि शेवटी मतदान. ‘बूटस्ट्रॅप अ‍ॅग्रिगेटिंग’ या नावाची काटछाट करून ब्रायमन यांनी त्याला ‘बॅगिंग’ म्हटले. त्यामुळे सोडतीत निघालेली फुले ‘बॅग’मधली, म्हणजे पिशवीतली ठरली आणि न निघालेली पिशवीबाहेरची.

पिशवीबाहेर किती जण राहतात, हे लहान सोडतीवर हाताने करून पाहता येते. एक ते दहा अशा चिठ्ठ्या घेतल्या आणि दहा वेळा उचलून ३, ७, ७, १, १०, ३, ५, ८, ७, २ असे आकडे निघाले, असे समजू. सात तीनदा आला, तीन दोनदा आला. चार, सहा आणि नऊ यांचा पत्ताच नाही. दहातले तीन बाहेर.

हे योगायोगाने झालेले नाही. एका उचलीत चार न येण्याची शक्यता दहात नऊ. दहाही वेळा तो न येण्याची शक्यता ०.९ला ०.९ने गुणत दहा वेळा गेले की मिळते. ती जवळपास ३५ टक्के भरते. १५० फुलांसाठी हाच हिशेब ३६.७ टक्के येतो. फुले कितीही वाढवली तरी आकडा ३६.८ टक्क्यांच्या पुढे जात नाही. गणितात e म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २.७१८ या संख्येने एकाला भागले की येणारा हा भागाकार आहे. म्हणजे प्रत्येक वृक्षाला १५० पैकी साधारण ९५ वेगवेगळी फुले दिसतात आणि ५५ दिसतच नाहीत.

ही ५५ फुले कोणी मुद्दाम राखून ठेवलेली नाहीत. बॅगिंगसाठी सोडत काढावीच लागते आणि त्यात ती आपोआप उरतात. ब्रायमन यांच्या हे लक्षात आले, की त्या वृक्षापुरती ही फुले अगदी कोरी आहेत. त्यांच्यावर घेतलेली परीक्षा खरी परीक्षा ठरते.

फक्त मोजणी उलट्या बाजूने करायची. वृक्ष धरून फुले न पाहता, फूल धरून वृक्ष पाहायचे. १०७ घेऊ. पाचशे सोडतींपैकी साधारण ३१७ सोडतींत ते एकदा तरी निघालेले असते. उरलेल्या १८३ सोडतींत ते नसते. १०७चा निवाडा करायला फक्त या १८३ वृक्षांना बसवायचे. ज्यांनी ते आधी पाहिले, त्यांना मत नाही. मग १०८ घ्यायचे. त्याला न पाहिलेले वृक्ष वेगळे, म्हणून त्याचे पंचमंडळही वेगळे. अशी १५० पंचमंडळे बसली आणि प्रत्येकाने आपापल्या फुलाची जात सांगितली, की किती चुकली ते मोजायचे. तीच पिशवीबाहेरची चूक.

आता १०७ वर शंभर टक्के गुण कसे पडले होते, याचेही कोडे सुटते. ज्या वृक्षाच्या पिशवीत हे फूल असते, तो शेवटपर्यंत वाढताना त्याच्यासाठी वेगळी फांदी काढतो. पाकळीची रुंदी १.७५ पेक्षा कमी आणि लांबी ४.९५ पेक्षा कमी असलेल्या घोळक्यात व्हर्सिकलरची गर्दी असते. त्यात हे एकटेच व्हर्जिनिका सापडते. मग वृक्ष आणखी एक प्रश्न विचारतो, रुंदी १.६५ पेक्षा जास्त आहे का? आणि ‘होय’ म्हणणाऱ्या त्या टोकावर एकच फूल उरते. ते नेमके १०७. फांदी फक्त त्याच्यासाठी काढलेली असते. याला व्हर्जिनिका ओळखणे म्हणता येणार नाही, ही तर घोकंपट्टी. पाचशेपैकी ३१७ वृक्षांनी असे उत्तर पाठ केले, की बहुमत त्यांचेच. ज्या १८३ वृक्षांनी १०७ पाहिलेले नाही, त्यांच्याकडे ही फांदी नसते. ते जवळजवळ एकमुखाने ‘व्हर्सिकलर’ म्हणतात. पिशवीबाहेरच्या हिशेबात १०७ चुकीच्या खात्यात जाते, आणि तिथेच ते असायला हवे.

पायथनमधल्या साय्किट-लर्न या संचात हे चार-सहा ओळींत करून पाहता येते:

```python
from sklearn.datasets import load_iris
from sklearn.ensemble import BaggingClassifier

X, y = load_iris(return_X_y=True)
m = BaggingClassifier(n_estimators=500, oob_score=True,
                      random_state=1).fit(X, y)
print(1 - m.score(X, y))
print(1 - m.oob_score_)
print(m.oob_decision_function_[106])
```

पहिला आकडा पाठ केलेल्या फुलांवरचा, म्हणून शून्य. दुसरा पिशवीबाहेरचा. सोडतीनुसार तो थोडा हलतो, पण पाच टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे १५० पैकी सात-आठ फुले. तिसऱ्या ओळीत १०७ला न पाहिलेल्या वृक्षांची मते तीन जातींत कशी वाटली गेली ते दिसते. पायथन शून्यापासून मोजते, म्हणून तिथे १०६ लिहिले आहे. `oob_score_` हे बरोबर उत्तरांचे प्रमाण सांगते. चूक हवी असेल तर ते एकातून वजा करावे लागते आणि घाईत हेच विसरले जाते.

या आकड्यावर विसंबायचे तर आधी वृक्ष पुरेसे असावे लागतात. दहाच वृक्ष घेतले तर एका फुलाच्या वाट्याला सरासरी साडेतीन पंच येतात आणि त्यांच्या बहुमताला वजन नसते. काही फुलांना तर एकही पंच मिळत नाही. दहाही सोडतींत एखादे फूल निघण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे १५० फुलांत एक-दोन फुले अशी निघतातच. साय्किट-लर्न तेव्हा `Some inputs do not have OOB scores.` असा इशारा देते. तो दिसला की आकडा वाचण्यात अर्थ नाही, वृक्ष वाढवायचे. किती? वृक्ष शंभर, दोनशे, तीनशे असे वाढवत चूक पाहत जावे आणि ती एका जागी स्थिरावली की थांबावे.

यात आणखी एक बारकी गोष्ट दडलेली आहे. परीक्षा १८३ वृक्षांच्या मंडळांची झाली, पण प्रत्यक्ष कामाला बसणार पाचशेंचे मंडळ. मोठ्या मंडळाचा निर्णय सहसा थोडा बरा असतो. त्यामुळे वृक्ष कमी असताना पिशवीबाहेरची चूक खऱ्या चुकीपेक्षा जरा जास्तच दिसते. ब्रायमन यांनी २००१ सालच्या आपल्या ‘रँडम फॉरेस्ट्स’ या निबंधात हे नोंदवले आहे. वृक्ष भरपूर असले, की हा अंदाज शिकवणीइतक्याच मोठ्या वेगळ्या परीक्षासंचाच्या तोडीचा ठरतो, असे त्यांनी आधीच्या प्रयोगांच्या आधारे म्हटले होते.

चूक जास्त दिसली तर फारसे बिघडत नाही. खरी पंचाईत ती खोटेपणाने कमी दिसली तर होते, आणि त्याची खूण याच तक्त्यात आहे.

फूल १०२ आणि फूल १४३ काढून शेजारी ठेवावे. दोन्ही व्हर्जिनिका. दोघांचीही मापे ५.८, २.७, ५.१ आणि १.९. चारही मापे दशांशापर्यंत तंतोतंत सारखी. समजा एका सोडतीत १०२ निघाले नाही. नियमाप्रमाणे तो वृक्ष १०२चा पंच होऊ शकतो. पण त्याच सोडतीत १४३ निघालेले असण्याची शक्यता ६३ टक्के आहे. तसे झाले की वृक्षाने १०२चे उत्तर १४३च्या नावाने आधीच पाहिलेले असते. परीक्षा होते, पण पेपर फुटलेला असतो. १५० फुलांत असे एकच जोडपे असल्याने निकालाला धक्का लागत नाही.

जिथे अशी जोडपी माणूस स्वतःच तयार करतो, तिथे मात्र निकाल कोसळतो. एखादा आजार दुर्मीळ असेल तर त्याच्या नोंदी कमी पडतात. म्हणून प्रत्येक नोंदीच्या दहा प्रती करून तक्ता फुगवायची पद्धत आहे. मग बॅगिंग केले, की पिशवीबाहेर राहिलेल्या एका प्रतीची नऊ भावंडे जवळजवळ नक्कीच आत असतात. नऊही बाहेर राहण्याची शक्यता दहा हजारांत एक-दोन इतकीच. पिशवीबाहेरची चूक झर्रकन खाली येते आणि शिकवणाऱ्याला वाटते, युक्ती फळली. एकाच रुग्णाचे दहा एक्स-रे, एकाच दुकानाची दहा बिले, अशा तक्त्यांतही हेच होते, कारण नोंदी दहा दिसल्या तरी मूळ एकच असते. ओळखायची रीत अशी की काही रुग्ण पूर्णच्या पूर्ण बाजूला काढून त्यांच्यावर चूक मोजावी. ती पिशवीबाहेरच्या चुकीहून ठळकपणे जास्त निघाली, तर पेपर फुटला होता. उपाय म्हणजे चिठ्ठ्या नोंदींच्या न करता रुग्णांच्या कराव्यात. रुग्ण निघाला तर त्याच्या सगळ्या नोंदी आत, नाही निघाला तर सगळ्या बाहेर.

रोजच्या नोंदींत भावंडे आणखी छुपी असतात. ब्रायमन बर्कलीला येण्याआधी अनेक वर्षे सल्लागार म्हणून काम करत. तेव्हा लॉस एंजेलिसच्या हवेतल्या ओझोनचा अंदाज बारा तास आधी बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. मंगळवारची हवा सोमवार-बुधवारच्या हवेसारखीच असते. अशा तक्त्यावर दिवसांच्या चिठ्ठ्या उचलल्या, तर मंगळवार बाहेर राहिला तरी सोमवार किंवा बुधवार आत असतोच, आणि चूक कमी दिसते. त्या कामात तेव्हा बॅगिंग नव्हतेच. सात वर्षांच्या नोंदींतली पहिली पाच वर्षे शिकायला आणि शेवटची दोन परीक्षेला, असा सरळ काळाचा छेद घेतला होता. त्या कडक परीक्षेत शेवटचा अंदाज नापास झाला. खोट्या धोक्याचे इशारे फार निघत होते, असे ब्रायमन यांनी पुढे स्वतःच लिहिले. काळाच्या तक्त्यावर आजही असाच छेद घ्यावा लागतो, पिशवीबाहेरचा आकडा तिथे चालत नाही.

आणखी एका ठिकाणी हा आकडा नकळत गोड होतो. वृक्ष किती खोल वाढू द्यायचा, एका टोकावर किमान किती फुले ठेवायची, अशा चाळीस जुळण्या करून पाहिल्या आणि जिची पिशवीबाहेरची चूक सर्वांत कमी ती निवडली, तर निवड ठीक असते. पण तो सर्वांत कमी आकडा जाहीर करणे बरोबर नाही. चाळीसांतली एखादी जुळणी नशिबाने पुढे गेलेली असते. निवड पिशवीबाहेरच्या चुकीने करावी आणि जाहीर करायचा आकडा निवडीत कुठेच न वापरलेल्या फुलांवर मोजावा. तेवढ्यापुरती वेगळी राखलेली फुले लागतातच.

आयरिसच्या पाच टक्क्यांबद्दल एक गोष्ट फिशर यांनी १९३६च्या लेखातच सांगून ठेवली होती. सेटोसा आणि व्हर्सिकलरची फुले एकाच ठिकाणच्या एकाच वसाहतीतून आली होती. व्हर्जिनिकाची फुले तिथली नव्हती. त्यामुळे तिन्ही जातींतल्या फरकात जातीचा फरक किती आणि जागेचा किती, हे या तक्त्यावरून वेगळे करता येत नाही. पाचशे वृक्षांच्या पाचशे सोडती याच १५० फुलांतून निघतात. त्यातून येणारी चूक या वसाहतींमधल्या आणखी एका फुलाची असते. दुसऱ्या पाणथळीतल्या व्हर्जिनिकाबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी तिथे जाऊन फुले मोजून आणावी लागतात.